पहिल्या तासावरून दिवस ओळखता येतो का? ट्रेंड डे, रेंज डे आणि आपली चाल

मैथिली_सांगली
नमस्कार मंडळी. मी निफ्टी फ्युचर्समध्ये इंट्राडे करते, एकच लॉट. माझी पद्धत साधी आहे: पहिल्या तासाचा हाय किंवा लो तुटला की त्या बाजूने जायचं. काही दिवस ही पद्धत दुपारपर्यंत सुरेख चालते. इतर दिवशी हाय तोडून भाव वीस-पंचवीस पॉइंट वर जातो, परत खाली येतो, मग लो तोडतो आणि तिथूनही फिरतो. पद्धत तीच, दिवस वेगळा.

माझं मत असं की सव्वादहाला बसून आजचा दिवस ट्रेंडचा की रेंजचा हे ठरवावं आणि मग दिवसभर त्याच चालीने खेळावं. प्रश्न दोन. सव्वादहाला तुम्ही नेमकं काय बघता? आणि उत्तर मिळाल्यावर एंट्री, स्टॉप लॉस, टार्गेट यात काय बदलता? नुसतं 'मार्केटचा कल बघा' असं नको, प्रत्यक्ष काय करता ते लिहा.

वाईचा_वाटसरू
खुर्ची टाकून बसलोय. चहा कोण सांगतंय?

दत्ता_डोंबिवली
सोपं आहे ताई. गॅप बघायचा. मोठा गॅप-अप किंवा गॅप-डाऊन म्हणजे ट्रेंड डे, फ्लॅट ओपन म्हणजे रेंज डे. रात्रीत मोठी बातमी आली की मोठे लोक दिवसभर त्याच बाजूने माल उचलतात. मी सव्वादहापर्यंत थांबतच नाही, साडेनऊला माझं ठरलेलं असतं.

जोगळेकर_काका
दत्ता, अर्धं बरोबर आहे. बातमी आली की मोठे लोक हलतात हे खरं. पण गॅप म्हणजे ती हालचाल होऊन गेली असाही अर्थ असू शकतो.

२०२४ च्या निवडणुकीचे दोन दिवस काढून बघ. ३ जूनला, एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, निफ्टी २२,५३० च्या बंद भावावरून थेट २३,३३८ च्या आसपास उघडला. आठशे पॉइंटचा गॅप. तुझ्या हिशेबाने जबरदस्त ट्रेंड डे. झालं काय? जिथे उघडला तोच जवळजवळ दिवसाचा हाय. खाली २३,०६२ पर्यंत गेला आणि २३,२६४ ला बंद झाला. उघडताना घेणारा दिवसभर ताटकळत बसला.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, निकाल. उघडला २३,१८० ला, म्हणजे जेमतेम ८५ पॉइंट खाली. आठशेपुढे हा गॅप काहीच नाही. पण तोच दिवसाचा हाय ठरला आणि भाव २१,२८१ पर्यंत कोसळला. पाठोपाठचे दोन दिवस, मोठ्या गॅपला रेंज आणि लहान गॅपला कडेलोट.

हे दोन्ही दिवस टोकाचे आहेत, रोजच्या व्यवहारात असे आकडे दिसत नाहीत. पण मुद्दा रोजचाच आहे. उघडल्यावर नव्या भावाला लोक काय करतात ते बघायचं. गॅपच्या दिशेला पुढे खरेदी येते आहे की लोक नफा काढून घेत आहेत, हे कळायला थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ म्हणजे हा पहिला तास.

दत्ता_डोंबिवली
काका, ३ जून मान्य. पण निवडणूक रोज नसते. साध्या दिवशी माझा गॅप चालतो.

मैथिली_सांगली
काका, मग त्या तासात नेमकं काय बघायचं?

जोगळेकर_काका
तीन गोष्टी बघतो. त्यातली पहिली मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून तीच सविस्तर लिहितो.

जागा किती उरली आहे? गेल्या चौदा दिवसांचा रोजचा हाय वजा लो काढायचा आणि सरासरी घ्यायची. समजा ती २०० आली. सव्वादहाला पहिल्या तासाची रेंज १६० झाली असेल, तर नेहमीच्या दिवसाची बरीचशी चाल संपलेली आहे. आता हाय तुटल्यावर विकत घेणारा माणूस उरलेल्या चाळीस पॉइंटसाठी धडपडतोय. अशा दिवशी मी ब्रेकआऊट सोडून देतो. हीच रेंज ७०-८० असेल तर दोन्ही बाजूंना जागा आहे. जागा आहे एवढंच. भाव ती वापरेलच असं नाही. लहान पहिला तास बघून 'आज ट्रेंड येणार' म्हणणारे इथेच फसतात, कारण कंटाळवाणा दिवससुद्धा लहान तासानेच सुरू होतो.

दुसरी गोष्ट व्हीवॅप. निफ्टी स्पॉटवर लावू नका, इंडेक्सला स्वतःचा व्हॉल्यूम नसतो. चालू महिन्याच्या फ्युचर्सवर लावा. भाव तासाभरात एकाच बाजूला राहिला, की व्हीवॅपच्या वर-खाली तीन-चारदा येऊन गेला?

तिसरी, किती शेअर सोबत आहेत. पन्नासपैकी चाळीसच्या वर एका रंगात असतील आणि एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक ही वजनदार मंडळी एकमेकांच्या विरुद्ध ओढत नसतील, तर दिशेला बळ असतं. सत्तावीस-तेवीस असेल तर ओढाताण.

ही पहिल्या तासाची कल्पना आपली नाही. शिकागोच्या पिटमध्ये स्टाइडलमायर यांनी मार्केट प्रोफाइल मांडलं, त्यात सुरुवातीच्या तासाच्या पट्ट्याला स्वतंत्र महत्त्व होतं. तिथून ती जगभर पसरली.

क्रूड_किरण
छान धागा. माझा अनुभव उलटा आहे. मी एमसीएक्सवर क्रूड करतो. नऊला मार्केट उघडतं, दहापर्यंत बघतो, रेंज अगदी बारीक. काकांच्या हिशेबाने भरपूर जागा. दुपारपर्यंत बारा वेळा हाय-लो तुटतो आणि काहीच होत नाही. पहिल्या तासाचं हे तंत्र मला तरी निरुपयोगी वाटतं.

शंतनू_चाचणी
किरण, तुझ्याकडे सकाळी नऊला उघडतं ते फक्त एक्सचेंज. क्रूडचा खरा व्यवहार अमेरिकेच्या वेळेवर चालतो. तुझा पहिला तास संध्याकाळी सुरू होतो. बुधवारी तर अमेरिकी साठ्याचे आकडे येईपर्यंत थांबावं लागतं: उन्हाळ्यात रात्री आठ, हिवाळ्यात नऊ. सकाळच्या तासात रेंज लहान असते ती माणसंच नसतात म्हणून. निफ्टीत सव्वानऊला रात्रभर साठलेल्या सगळ्या ऑर्डरी एकदम येतात, म्हणून तिथे तो तास बोलतो.

क्रूड_किरण
हे पटलं. संध्याकाळी अमेरिका जागी झाल्यावरचा तास धरून बघतो.

नगरचा_स्ट्रॅडल
तुम्ही लोक उगाच डोकं शिणवताय. मी नऊवीसला अॅट द मनी कॉल आणि पुट दोन्ही विकतो, प्रत्येकाला स्टॉप लॉस लावतो. रेंज डे असेल तर दोन्ही प्रीमियम वितळतात. ट्रेंड डे असेल तर एका बाजूचा एसएल उडतो आणि दुसरी बाजू वितळते. दिवस कुठला हे ओळखायची गरजच काय?

शंतनू_चाचणी
गरज आहे, फक्त तुम्ही ती स्टॉप लॉसवर सोपवलीय. तुमचा सगळ्यात वाईट दिवस स्वच्छ ट्रेंडचा नसतो. तो असतो आधी वर जाऊन कॉलचा एसएल उडवणारा आणि मग उलटून पुटचाही उडवणारा. म्हणजे मैथिलीताईंना छळणारा तोच दिवस. मंगळवारी, एक्स्पायरीला, हे जास्त जाणवतं, कारण दुपारनंतर चाळीस पॉइंटच्या हालचालीत प्रीमियम दुप्पट होतो. (निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारी आली सप्टेंबर २०२५ पासून. जुन्या डेटावर चाचणी करणाऱ्यांनी वार बघून घ्यावा.)

नगरचा_स्ट्रॅडल
दोन्ही एसएल उडणारे दिवस येतात, नाकारत नाही. पण ते सव्वादहाला ओळखता येतात हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

शंतनू_चाचणी
रास्त आहे. मी निफ्टी फ्युचर्सच्या पाच मिनिटांच्या डेटावर हे तपासलंय. 'पहिला तास लहान, तर ब्रेकआऊट घे' एवढा एकच नियम लावला तर खर्च वजा जाता हातात काही उरलं नाही. पहिला तास मोठा असेल तर ब्रेकआऊट घेऊ नये, हा नियम मात्र टिकला. म्हणजे पहिला तास काय करायचं यापेक्षा काय करू नये ते जास्त खात्रीने सांगतो.

माझ्या मते प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. सव्वादहाला खात्री कुणालाच नसते, त्यामुळे आपण चुकलो तर कुठली चूक महाग पडते ते बघा. रेंज समजून हायला विकलं आणि ट्रेंड निघाला, तर पहिला एसएल तीसचा जातो. पण माणूस तिथे थांबत नाही. 'आता तर अजून वर आलंय' म्हणून पुन्हा विकतो, पुन्हा तीस. ट्रेंडच्या दिवशी भाव दिवसभर महागच दिसतो, त्यामुळे ही चूक स्वतःला वाढवत नेते. उलट ट्रेंड समजून घेतलं आणि रेंज निघाली, तर भाव परत आत येतो आणि चूक लगेच दिसते. म्हणून माझा नियम असा की रेंजची चाल एका बाजूला एकदाच खेळायची. हायला विकून एसएल गेला, तर त्या दिवशी त्या बाजूला पुन्हा विकायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

मैथिली_सांगली
शंतनू, हे फार उपयोगी आहे. माझ्या डायरीत हाच फरक दिसतो, फक्त मी तो असा मांडला नव्हता. काका, एखादा दिवस आकड्यांसकट उलगडून सांगाल का?

जोगळेकर_काका
सांगतो. आकडे गोल घेतो, म्हणजे डोक्यात राहतील. सरासरी रेंज २००. दोन दिवस घेऊ, दोन्हींत पहिल्या तासाचा लो २५,००० आणि हाय २५,०८०. कागदावर सारखेच.

पहिला दिवस. २५,००५ ला उघडला, म्हणजे तासाच्या लोला चिकटून. दहाच्या सुमारास २५,०८० ला पोचला, तिथून मागे आला तो २५,०५८ पर्यंतच. ऐंशीची चढण आणि बावीसची माघार. व्हीवॅप खाली २५,०४५ ला, भाव त्याला शिवलाही नाही. एक्केचाळीस शेअर हिरवे. साडेदहानंतर हाय तुटला, २५,१०५ झाला, मग २५,०७७ पर्यंत परत आला. इथे सगळ्यांचे हात थरथरतात. पण पंधरा मिनिटांची कँडल पावणेअकराला २५,०९० ला बंद झाली, रेंजच्या बाहेर. मी तिथे घेतो. एसएल २५,०५५, म्हणजे सकाळच्या माघारीच्या तळाखाली. धोका पस्तीसचा. टार्गेट लावत नाही. लोमध्ये सरासरी रेंज मिळवली की २५,२०० येतात, तिथे मी सावध होतो. तोवर पंधरा मिनिटांच्या प्रत्येक नव्या तळाखाली एसएल सरकवत नेतो. मैथिली, तू एकच लॉट करतेस, म्हणून तुला तर अर्धा नफा आधी काढायची सोयच नाही. ट्रेंडच्या दिवशी तीस पॉइंटवर बाहेर पडलीस, तर रेंजच्या दिवसांचे एसएल भरून निघणार कुठून?

दुसरा दिवस. २५,०४० ला, मधोमध उघडला. वर २५,०८०, मग खाली २५,०००, परत २५,०५०. व्हीवॅप २५,०४२ ला सपाट, भाव चार वेळा आरपार. शेअर सव्वीस-चोवीस. साडेदहानंतर हाय इथेही तुटतो, २५,०९५ होतो, पण तीच कँडल २५,०७० ला बंद होते, रेंजच्या आत. हा माझ्यासाठी विकायचा इशारा. एसएल २५,१००, धोका तीसचा. व्हीवॅप फक्त अठ्ठावीस पॉइंट खाली आहे, तेवढ्यासाठी तीसचा धोका घ्यायला परवडत नाही. म्हणून टार्गेट पलीकडच्या काठाजवळ, २५,०१५, पंचावन्न पॉइंट. आणि भाव २५,०४० ला असताना, म्हणजे रेंजच्या मध्यावर, मी काहीही करत नाही. रेंज डेला लोकांचे पैसे काठावर कमी जातात, मधल्या पट्ट्यात जास्त जातात.

दोन्ही दिवशी हाय तुटला होता. फरक तुटल्यानंतरच्या कँडलने केला.

वाईचा_वाटसरू
काका, हे छापून मॉनिटरशेजारी चिकटवतोय. घरचे विचारतील कुणाचं पत्र आलं.

वर्षा_दापोली
मी एक वेगळी बाजू मांडते. मी इंडेक्स करत नाही, शेअर करते. निफ्टी रेंजमध्ये अडकलेला असताना एखादा शेअर दिवसभर एका दिशेने चालतो, विशेषतः आदल्या संध्याकाळी निकाल आलेला. त्या शेअरचा पहिला तास त्याच्या सरासरीच्या सत्तर-ऐंशी टक्के खाऊन टाकतो, आणि तरी तो पुढे चालतो. काकांचा जागेचा नियम लावला तर असे सगळे दिवस हातचे जातील.

जोगळेकर_काका
वर्षाताई, बरोबर. सरासरी ही मागच्या साध्या दिवसांची. निकालाच्या दिवशी ती मोजपट्टीच लागू नाही. ४ जूनलाही लागू नव्हती, सरासरीत अडकलेला माणूस सकाळीच बाहेर पडला असता. मी त्या दिवशी जागेचा नियम बाजूला ठेवतो आणि बाकीच्या दोन गोष्टींवरच चालतो.

तसाच दुसरा अपवाद रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा. गव्हर्नरांचं निवेदन दहाला सुरू होतं. सव्वानऊ ते दहा भाव श्वास रोखून असतो आणि शेवटची पंधरा मिनिटं धुमाकूळ. त्या तासाची रेंज वाचण्यासारखी नसते. मी त्या दिवशी अकरापर्यंतचा पट्टा धरतो. बजेटला भाषण अकराला, त्या दिवशी सकाळ सोडूनच देतो.

दत्ता_डोंबिवली
४ जूनचं एक विचारतो. ट्रेंड डेला शेवटपर्यंत धरून ठेवायचं म्हणता. त्या दिवशी तर २१,२८१ वरून परत २१,८८४ ला बंद झाला. सहाशे पॉइंट परत दिले की. उघडल्यापासूनच्या घसरणीचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

जोगळेकर_काका
शाबास, हा खरा प्रश्न आहे. शेवटपर्यंत धरा असं मी म्हणत नाही, एसएल सरकवत न्या म्हणतो. तळापासून भाव फिरला तेव्हा पंधरा मिनिटांचा आधीचा माथा तुटला, तिथे सरकवलेला एसएल लागतो. तळाला बाहेर पडणं कुणालाच जमत नाही. आणि दुपारचं घड्याळही लक्षात ठेवावं. युरोप उघडतो उन्हाळ्यात साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. सकाळचा ट्रेंड तिथे थांबतो किंवा नव्याने जोर धरतो, म्हणून त्या सुमारास मी एसएल आणखी जवळ आणतो.

शंतनू_चाचणी
इथे माझं काकांशी जमत नाही. साडेबाराला एसएल जवळ आणला तर ट्रेंडच्या चांगल्या दिवसांतून आपण नेमकं मधल्या विश्रांतीत बाहेर फेकले जातो. माझ्या चाचणीत घड्याळाप्रमाणे एसएल आवळल्याने फायदा दिसला नाही. फक्त माघारीच्या तळाखाली ठेवून ब्रोकरच्या स्क्वेअर ऑफच्या आधी, तीनच्या सुमारास, बाहेर पडणं बरं ठरलं.

जोगळेकर_काका
तुझ्याकडे डेटा आहे, माझ्याकडे सवय. मी तरी आवळणार.

नगरचा_स्ट्रॅडल
काकांच्या दुसऱ्या दिवसाचं उदाहरण वाचून एक बदल करून बघणार आहे. नऊवीसऐवजी सव्वादहाला विकायचं, आणि तेही व्हीवॅप सपाट असेल तरच. प्रीमियम थोडा कमी मिळेल. पण सकाळचा पहिला झटका तरी अंगावर येणार नाही.

मैथिली_सांगली
सगळ्यांचे आभार. माझा मूळ मुद्दा होता सव्वादहाला ठरवायचं आणि दिवसभर त्यावर ठाम राहायचं. त्यातला दुसरा भाग मी आता सोडतेय. सव्वादहाला फक्त दोन गोष्टी ठरवणार: जागा उरली आहे का, आणि भाव व्हीवॅपच्या एका बाजूला आहे का. जागा नसेल तर ब्रेकआऊट नाही. जागा असेल तर हाय-लो तुटताक्षणी न घेता पंधरा मिनिटांची कँडल कुठे बंद होते ते बघणार.

एक शंका राहिली. कँडल बंद होईपर्यंत थांबलं तर जोरदार दिवशी भाव चाळीस-पन्नास पॉइंट पुढे गेलेला असतो आणि काकांचा पस्तीसचा एसएल ऐंशीचा होतो. तेव्हा काय करता?

जोगळेकर_काका
तेव्हा घेत नाही. पहिल्या माघारीची वाट बघतो. ती तुटलेल्या हायपर्यंत यावी असा हट्ट नाही, भाव आणि व्हीवॅप यांच्यातलं अंतर कमी झालं की पुरे. कधी ती माघार येतच नाही आणि दिवस हातून जातो.

वर्षा_दापोली
मी अशा वेळी निम्म्या क्वांटिटीने लगेच घेते आणि उरलेली माघारीत. शेअरमध्ये ते जमतं. एका लॉटवर कसं करणार हा प्रश्न आहेच.

शंतनू_चाचणी
एका लॉटवाल्यांनी पंधराऐवजी पाच मिनिटांच्या सलग दोन कँडल बाहेर बंद झाल्या तर घ्यावं का, हे तपासतोय. पाच मिनिटे लवकर आत जाता येतं, पण खोटे ब्रेकआऊटही जास्त पकडले जाणार. आकडे आले की इथेच टाकतो.

मैथिली_सांगली
नक्की टाक. मंगळवार आणि बाकीचे वार वेगळे काढून टाकलेस तर फार बरं होईल.